मदत हवी आहे: अभ्यासिकेसाठी व्हीआरएफ एसी की एअर वॉशर? २५ वर्षांचा खर्च कसा मांडायचा?

खजिनदार_अमळनेर

नमस्कार मंडळी. अमळनेरला आमच्या ट्रस्टची स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी अभ्यासिका आहे. वरच्या मजल्यावर ४,००० चौरस फुटांचा एकच हॉल, उंची ११ फूट, डोक्यावर थेट स्लॅब. मे महिन्यात दुपारी मुलं पुस्तकं उचलून जिन्यात जाऊन बसतात. एक देणगीदार गारव्याची सोय करून द्यायला तयार आहेत, पण त्यांची अट आहे की नुसती खरेदीची किंमत नको, २५ वर्षांचा सगळा खर्च आजच्या पैशांत मांडून दाखवा. माणूस व्यापारी आहे, अट रास्तच आहे.

दोन कोटेशनं आली आहेत. पहिलं ३० टनांचं व्हीआरएफ, म्हणजे एका आउटडोअरवर अनेक इनडोअर चालवणारा मोठा एसी, २० लाख. दुसरं २०,००० सीएफएमचा एअर वॉशर, म्हणजे पॅडवर पाणी सोडून डक्टमधून मिनिटाला २०,००० घनफूट गार हवा देणारा मोठा कूलर, डक्टसह ७ लाख. आमच्या सल्लागाराने जो तक्ता दिला त्यात वीज १० रुपये युनिट, रोज १० तास वापर आणि १० टक्के व्याजदर धरलाय. व्हीआरएफची वीज वर्षाला ३.६ लाख आणि एएमसी, म्हणजे वार्षिक देखभाल करार, १ लाख, वॉशरची वीज ९० हजार आणि देखभाल ३० हजार. त्याचा निकाल: व्हीआरएफ ६२ लाख, वॉशर १८ लाख.

एवढा फरक बघून विश्वस्तांपैकी निम्मे म्हणतात वॉशर घ्या आणि मोकळे व्हा. मला मात्र दोन्ही आकडे कमी वाटतात. २५ वर्षांत एकदाही मशीन बदलावं लागणार नाही का? कुणी असा हिशोब केला असेल तर तक्त्यात काय राहून गेलंय ते सांगा.

केळीवाला_सावदा

भाऊ, आमच्या पिकवणी केंद्रात १८ डिग्री ठेवावे लागतात, तिथे वॉशर-बिशर चालत नाही, सरळ चिलर घ्या. एकच सांगतो, पाण्यावरचा घेऊ नका. आमचा पहिला पाण्यावर गार होणारा होता. बोअरच्या पाण्याने कंडेन्सरच्या नळ्यांत पांढरा थर धरला, दर उन्हाळ्यात ॲसिड मारून साफ करायचो. शेवटी हवेवरचा घेतला. वीज जास्त खातो पण झोप लागते.

खजिनदार_अमळनेर

दादा, आमच्याकडे केळी नाहीत, पोरं आहेत, २७-२८ डिग्रीवर खूश होतील :) पण पाण्याचं लक्षात घेतलं. बोअरचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, ९०० आहे.

हिशोबी_भुसावळ

तक्त्यातले १० टक्के मला बरोबर वाटतात. बँकेचं कर्ज साधारण तेवढ्यानेच मिळतं, म्हणजे पैशाची किंमत तीच. बदलीचा खर्च मात्र नक्की राहिलाय. पंधराव्या वर्षी मशीन बदलायचं धरा, दहा टक्क्यांनी त्याचं आजचं मोल जेमतेम पाव भाग येतं, त्यामुळे चित्र फार बदलणार नाही. आणि छतावर सोलर टाकला की वीज फुकट, मग व्हीआरएफच घ्या.

गारवा_धुळे

हे माझं रोजचं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हिशोबीभाऊंचं अर्धं बरोबर आहे. १० टक्के धरायला हरकत नाही, पण मग विजेचा दर, एएमसी, सगळंच दरवर्षी वाढवत न्यायला हवं. तुमच्या तक्त्यात व्याज महागाईसकट आहे आणि वीज मात्र २५ वर्षं १० रुपयांवरच उभी आहे. त्यामुळे पुढची सगळी बिलं दिसायला छोटी झाली. सोपा मार्ग असा, की सगळ्या किमती आजच्याच ठेवा आणि व्याजातून महागाई वजा करा. १० टक्के व्याज आणि ६ टक्के महागाई असेल तर उरतात पावणेचार, आपण ४ धरू. दरवर्षी एक रुपया याप्रमाणे २५ वर्षं भरायचा असेल तर १० टक्क्यांनी त्याचं आजचं मोल ९ रुपये ८ पैसे होतं, ४ टक्क्यांनी १५ रुपये ६२ पैसे. बिलाचं वजन इथेच पावणेदोनपट झालं.

आता व्हीआरएफ. ३.६ लाख वीज आणि १ लाख एएमसीमध्ये आणखी एक रक्कम घाला. मंजूर भार २० किलोवॅटच्या वर गेला की डिमांड चार्ज, म्हणजे युनिटांव्यतिरिक्त भारावरचा आकार, लागतो, आणि तो मशीन बंद असलेल्या डिसेंबरातही भरावा लागतो. मी वर्षाला १ लाख धरतो, तुम्ही स्वतःच्या बिलावरून दुरुस्त करा. वर्षाचे झाले ५.६ लाख, गुणिले १५.६२ म्हणजे साडेसत्त्याऐंशी लाख. पंधराव्या वर्षी इनडोअर-आउटडोअर बदलायला आजच्या दराने १४ लाख, त्याचं आजचं मोल ७.८ लाख. पंचविसाव्या वर्षी त्या दुसऱ्या मशीनचं एक तृतीयांश आयुष्य शिल्लक असेल, त्याचे पावणेदोन लाख वजा करा. खरेदीचे २० धरून बेरीज साधारण ११३ लाख. तक्त्यात होते ६२.

वॉशरचंही तसंच. वीज, देखभाल आणि पाणी मिळून वर्षाला १.४५ लाख, त्याचे साडेबावीस लाख. दर तीन वर्षांनी पॅडचे ५० हजार, त्याचे अडीच लाख. तुमच्या पाण्यात पत्र्याची बॉडी १३ वर्षांच्या वर धरू नका, ती बदलायला ४ लाख, आजचे २.४. खरेदीसह सगळं मिळून साडेचौतीस लाख.

सोलर फुकट नसतो. पॅनेलचे पैसे द्यावे लागतात, मधे इन्व्हर्टर बदलावा लागतो, आणि अभ्यासिका रात्री चालत असेल तर डिमांड चार्ज काही जात नाही. सोलर दोन्ही पर्यायांना लावता येतो, म्हणून त्याचा हिशोब वेगळा ठेवा.

खजिनदार_अमळनेर

म्हणजे फरक उलट वाढला! मग वॉशरच ना?

गारवा_धुळे

थांबा. तुमची कोटेशनं परत बघा, वीज किती दिवसांची धरली आहे?

खजिनदार_अमळनेर

व्हीआरएफला २०० दिवस. वॉशरला ११०.

गारवा_धुळे

खरी मेख तीच आहे. मे महिन्यात बाहेर ४२ डिग्री आणि आर्द्रता २० टक्के असेल तर वेट बल्ब, म्हणजे पाणी उडवून हवा जास्तीत जास्त जितकी गार होऊ शकते ते तापमान, २४ च्या आसपास असतो. वॉशर २७ ची हवा देईल, हॉल २९-३० वर राहील, पोरं खूश. जुलैत बाहेर ३२ आणि आर्द्रता ७५ टक्के झाली की वेट बल्बच २८ वर जातो. तेव्हा वॉशर साडेअठ्ठावीसची ओलीगच्च हवा फेकतो, पानं मऊ पडतात, अंग चिकचिकतं. विक्रेत्यालाही हे माहीत आहे, म्हणून त्याने ते दिवस मोजलेच नाहीत. म्हणजे साडेचौतीस लाखांत तुम्हाला ११० दिवसांचा गारवा मिळतो आणि ११३ लाखांत २०० दिवसांचा. खर्चाची तुलना करायची तर आधी सेवा सारखी हवी. तुमच्या मुलांचे पेपर कधी असतात, त्यावर उत्तर अवलंबून आहे.

जळगावची_मेंटेनन्सताई

मी एका हॉस्पिटलच्या देखभालीचं बघते, आमच्याकडे दोन्ही आहेत. गारवादादांच्या पाण्याच्या आकड्यात किती लिटर धरलेत? विक्रेते फक्त उडून जाणारं पाणी सांगतात.

गारवा_धुळे

ताई, बरोबर पकडलंत. २०,००० सीएफएमला मेच्या दुपारी तासाला २३५-२४० लिटर उडतं, दहा तासांचे जवळपास २,४००. पण पाणी उडतं आणि क्षार टाकीतच राहतात. ते तिपटीच्या वर चढू द्यायचे नसतील तर जेवढं उडालं त्याच्या निम्मं पाणी सतत गटारीत सोडावं लागतं. म्हणून मी रोज ३,६०० लिटर धरले आहेत. बोअर आटल्यावर मे-जूनमध्ये टँकर, ५,००० लिटरला ८०० रुपये दराने वर्षाला पंचवीस हजार.

जळगावची_मेंटेनन्सताई

मग ठीक. आमच्या आधीच्या माणसाने पाणी वाचवायचं म्हणून तो सोडायचा व्हॉल्व्हच बंद करून ठेवला होता. दुसऱ्याच उन्हाळ्यात पॅड हाताने दाबले तर खडूसारखे कुरकुरीत लागत होते, मधे मधे कोरडे पट्टे पडलेले. तीन वर्षांचे पॅड दोन वर्षांतच गेले.

खजिनदारसाहेब, एक तपासणी शिकून ठेवा. थर्मामीटरच्या फुग्याला ओलं कापूस गुंडाळून पंख्यासमोर धरा, तो वेट बल्ब. समजा बाहेर ४२, वेट बल्ब २४ आणि डक्टच्या तोंडाशी २७ आहे. अठरापैकी पंधरा डिग्री उतरली, मशीन उत्तम. तोंडाशी ३१ आली तर अकराच उतरली, म्हणजे पॅड चोंदलेत किंवा पाणी वरून नीट पसरत नाही. आणि रोज बंद करताना आधी पंप बंद करा, पंखा वीस मिनिटं चालू ठेवा. पॅड कोरडे झाले की शेवाळाचा वास येत नाही.

व्हीआरएफचंही ऐका. सहाव्या वर्षी आमच्या एका आउटडोअरचं इन्व्हर्टर कार्ड गेलं. एएमसीत सुटे भाग धरलेले नव्हते, कार्डचं मॉडेल बंद झालेलं, ऐन एप्रिलमध्ये एक मजला तीन आठवडे गरम. तुमच्या १ लाखात कार्ड आणि कॉम्प्रेसर येतात का, हे लेखी घ्या.

हिशोबी_भुसावळ

तापीकाठी वॉशर म्हणजे मेमध्ये राजा आणि जुलैत रंक. मग दोन्ही का नको? हॉलला वॉशर, आणि एक कोपरा काचेने बंद करून पावसाळ्यासाठी साधे स्प्लिट एसी?

गारवा_धुळे

हे मात्र पटलं. १,५०० चौरस फूट बंद केले तर १२ टन पुरावेत, कारण पावसाळ्यात ऊन कमी असतं. खरेदी ८ लाख. नव्वद दिवसांची वीज, एएमसी आणि डिमांड मिळून वर्षाला १.४३ लाख. स्प्लिट बारा वर्षांच्या वर धरू नका, ते बदलायला दर वेळी ६ लाख. २५ वर्षांचे साधारण साडेचौतीस लाख. वॉशर धरून एकूण ६९ लाख. व्हीआरएफपेक्षा ४४ लाख कमी, पण जुलैत सगळी मुलं त्या कोपऱ्यात मावणार नाहीत, हे देणगीदारांना आधीच सांगा.

खजिनदार_अमळनेर

मोठा आधार झाला. पावसाळ्यात हॉल निम्मा भरतो, त्यामुळे तिसरा पर्याय विश्वस्तांसमोर ठेवतो. एक शंका उरली. व्हीआरएफवाला म्हणतो पंधराव्या वर्षी तांब्याचे पाइप तेच राहतील, म्हणून बदलीचे १४ नाही, ११ लाखच धरा.

गारवा_धुळे

लेखी मागा, देणार नाही. त्यात आर-४१०ए गॅस आहे ना? भारताने २०२१ मध्ये किगाली दुरुस्ती मान्य केली आहे. त्यानुसार अशा गॅसचा वापर २०२८ ला गोठेल, २०३२ पासून टप्प्याटप्प्याने कमी होईल आणि २०४७ पर्यंत ८५ टक्के कपात होईल. तुमची बदली त्या मधल्या काळात येते. तेव्हाचं मशीन कुठल्या गॅसवर असेल आणि जुने पाइप त्याला चालतील का, हे आज कुणीच सांगू शकत नाही. मी तर १४ चे १७ करून एकदा बघेन. बेरीज साधारण सव्वा लाखाने हलते, निकाल हलत नाही.

केळीवाला_सावदा

आणि स्लॅबवर ऊन परतवणाऱ्या पांढऱ्या टाइलच्या तुकड्यांचं चायना मोझॅक करून घ्या हो आधी. ३० टनाचे २५ होतील.

गारवा_धुळे

दादा, हे सगळ्यात आधी करायला हवं. खजिनदारसाहेब, ते करून मग टनेज परत काढायला सांगा. व्हीआरएफचा आकडा तेव्हा खाली येईल, किती ते छताचं काम कसं होतं त्यावर.