रंगबंधक, रंगस्थापक आणि ‘तुरट’

वसुधा: भाषांतर करताना अडलेय. ‘मॉर्डंट’ला, म्हणजे रंग कापडावर पक्का बसावा म्हणून वापरतात त्या पदार्थाला, रंगबंधक म्हणायचं की रंगस्थापक? मूळ फ्रेंच धातूचा अर्थ ‘चावणे’ आहे. म्हणजे रंग धाग्याला चावतो?

अनंत: रंगस्थापक. आपण घरी मीठ नाहीतर व्हिनेगर घालतो, तेच ते.

सुतगुंता: तेच नव्हे. मीठ-व्हिनेगरने मंजिष्ठेच्या मुळीचा लाल रंग सुतावर पक्का होत नाही. तुरटीतलं ॲल्युमिनियम एका बाजूने धागा धरतं, दुसऱ्या बाजूने रंग. हे क्षार धाग्याला चावून वाट करतात अशी जुनी समजूत होती, तिथून ते नाव आलं. मला रंगबंधकच पटतो.

हेमंत: मग माझं काय चुकलं? २५० ग्रॅम कोरं सुती कापड, ५० ग्रॅम तुरटी, नंतर मंजिष्ठा. पहिल्या दिवशी छान लाल, तिसऱ्या धुण्याला फिकट गुलाबी, तेही डागाडागांचं. तुरटी वाढवू?

सुतगुंता: नका वाढवू. गोम ‘कोरं’ या शब्दात आहे. कोरं दिसतं स्वच्छ, पण त्यात खळ असते आणि कापसाचं स्वतःचं मेणही. कापडावर पाण्याचा थेंब टाका. मोत्यासारखा उभा राहिला तर तुरटीचं पाणीही आत नीट शिरलेलं नाही, डाग त्याचेच. आधी खळ धुऊन काढा, मग धुण्याचा सोडा आणि थोडा साबण घालून तास-दीड तास उकळा. पाणी पिवळट-तपकिरी होईल. थेंब टाकल्याबरोबर मुरला की पुढे जा. नंतर ५० ग्रॅम हिरडापूड गरम पाण्यात कालवून, गाळून कापड त्यात रात्रभर भिजवा. पिळा, खळबळू नका, वाळवा. मग तुरटी आणि शेवटी मंजिष्ठा.

हेमंत: हिरडा तुरट, तुरटीही तुरट. दोन्ही कशाला?

सुतगुंता: चव सारखी, काम वेगळं. लोकरीसारखी ॲल्युमिनियम धरायची जागा सुतात फारशी नसते. हिरड्यातलं टॅनिन सुताला चिकटतं आणि ॲल्युमिनियम त्या टॅनिनला. नुसती तुरटी वाढवली तर जास्तीची रंगाच्या भांड्यात उतरते आणि मंजिष्ठा कापडाऐवजी पाण्यातच तिला धरून गाळ होऊन बसते. हिरड्याची पिवळट झाक मात्र लालात येणार.

नलिनी: मी हे सगळं हळदीवर करून पाहिलं. तरी दोरीवर वाळताना उडाली.

सुतगुंता: हळद उन्हात विटते, त्याला पूर्वतयारीचा इलाज नाही. धुण्यात टिकणं आणि उन्हात टिकणं, दोन्हींना आपण एकच ‘पक्का’ लावतो, घोळ तिथे होतो.

वसुधा: मग हिरड्याला रंगबंधक म्हणू का? कषाय म्हणजे तुरट, आणि काषाय वस्त्र त्यावरूनच. म्हणजे भाषेने हिरड्याच्या गोतावळ्याला थेट रंगातच धरलंय.

सुतगुंता: मी तरी नाही म्हणणार. धातू नसेल तर बंधक कसला?

अनंत: धरून ठेवतो ना? मग बंधकच.