उत्तर: वजन उतरल्यावर कॅलरी पुन्हा कशा मोजायच्या?

> ९२ किलोचा ८२ झालो, उंची १७२, वय ३८. रोज २००० कॅलरीच खातोय, पण महिनाभरात जेमतेम ०.६ किलो उतरलं. आता कॅलरी आणि प्रोटीन दोन्ही कमी करू का?

फक्त कॅलरी. मिफ्लिन सूत्राने विश्रांतीचा खर्च ९२ किलोला १८१०, ८२ ला १७१० येतो. हालचालीसाठी १.४ ने गुणलं तरी फरक १४० चाच. प्रत्यक्षात खर्च याहून जास्त घटतो, कारण कमी खाणारा माणूस नकळत कमी हलतो. म्हणून आता सूत्र बाजूला ठेवा आणि स्वतःच्या नोंदींवरून काढा. एक किलो चरबीला साधारण ७७०० कॅलरी धरा. ०.६ किलो म्हणजे ४६२०, भागिले २८ दिवस, रोजची तूट १६५. म्हणजे तुमचा खरा खर्च सुमारे २१६५.

हे गणित एकेका दिवसाच्या वजनावर करू नका, पाण्याने किलोभर सहज इकडेतिकडे होतं. आठवड्याच्या सरासरीची तुलना करा. आणि आधी आठवडाभर तेल व दाण्याचं कूट काट्यावर मोजा. अंदाजाने घेतलेला एक मोठा चमचा तेल १२० कॅलरीचा असतो, बहुतेकांची गळती तिथेच सापडते.

तरीही आकडा तोच आला तर १८०० वर या आणि चालणं थोडं वाढवा. तीन-चार आठवडे पुढे हात लावू नका.

प्रोटीन लक्ष्य-वजनावर बांधा: ७५ किलो गुणिले १.८, म्हणजे १३५ ग्रॅम, शेवटपर्यंत तेवढंच. तूट चालू असताना स्नायू टिकवायला ते लागतं. कात्री तेल, भात, साखरेला लावा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र हा आकडा डॉक्टरांनाच ठरवू द्या.