शब्दचर्चा: 'धन' आणि 'ऋणेतर'

सुलभा (फोंडा): माझ्या शिकवणीतली मुलं चौथीपर्यंत मराठीत शिकलेली, पुढे इंग्रजीत गेलेली. 2x² − 6x + 5 ही राशी x कितीही घेतला तरी धन असते, हे त्यांना सिद्ध करायला दिलं. एकाने लिहिलं, "वर्ग धन असतो, म्हणून राशी धन." मी 'धन' खोडून 'ऋणेतर' केलं, तर त्याला फरकच पटेना.

दिनेश (म्हापसा): फरक शून्यापुरता. शाळेत इतकं ताणू नये. विवेचक काढा, 36 − 40 = −4. ऋण आला म्हणजे राशी धन.

बाबली मास्तर (पेडणे): दिनेश, −x² + x − 1 घे बघू. विवेचक −3, आणि राशी कायम ऋण! x² चा सहगुणक धन आहे हे आधी बघावं लागतं. आणि शून्याचं म्हणशील तर सगळी सिद्धता त्यावरच उभी आहे. सुलभाबाई, असं मांडा:

2(x² − 3x) + 5
= 2(x − 3/2)² − 9/2 + 5
= 2(x − 3/2)² + 1/2

वर्ग ऋणेतर, म्हणजे पहिलं पद शून्याच्या खाली जात नाही. x = 3/2 ला मात्र ते शून्य होतं. तिथे राशीला शून्याच्या वर धरून ठेवतो तो शेवटचा 1/2. 'वर्ग धन' म्हटलं की या 1/2 ची गरजच दिसत नाही. मग तोच मुलगा x² − 6x + 9 ला पण धन म्हणेल, आणि x = 3 ला फसेल.

प्रीतम (डिचोली): माझ्या x² + 4x + 1 ला 0, 1, 2, 3 सगळं घालून बघितलं, धनच येतं. एवढं पुरे ना?

बाबली मास्तर: −1 घाल. −2 येईल. वर्ग पूर्ण केलास तर (x + 2)² − 3, म्हणजे गडबड समोरच दिसते.

सुलभा: काही मुलांचं 2(x − 3/2)² + 11/4 आलं. निष्कर्ष बरोबर, म्हणून मी गुण दिले.

बाबली मास्तर: ते नको. कंसातला 9/4 बाहेर आणताना 2 ने गुणायचा राहिला. हीच चूक 2x² − 6x + 4 मध्ये केली तर 7/4 उरतो आणि राशी धन 'सिद्ध' होते, पण x = 1 ला ती शून्य आहे. पडताळा सोपा आहे: मूळ राशीत x = 3/2 घालायचा. तुमच्या राशीत 1/2 आलं पाहिजे.

दिनेश: विवेचकाचं मान्य. पण 'ऋणेतर' मुलांच्या तोंडी बसत नाही. 'शून्य किंवा धन' लिहिलेलं काय वाईट?

बाबली मास्तर: वाईट काही नाही. लांब पडतं, आणि घाईत मुलं 'शून्य किंवा' गाळतात.

सुलभा: माझी तर 'ऋणेतर'मधला 'इतर'च गाळतात!