मदत हवी आहे: टॉप-टू बॉक्स वाढला, सरासरी तिथेच. मॅनेजरांना काय दाखवू?

निळीशाई
मंडळी, ग्राहक-समाधानाचा सर्व्हे आहे, १ ते ५ रेटिंग. दोन तिमाहींत २००-२०० उत्तरं, माणसं वेगवेगळी. १ पासून ५ पर्यंतची मोजणी:

मागची: १०, २०, ५०, ९०, ३०
आताची: २४, २६, २०, ८०, ५०

४ आणि ५ मिळून ६० टक्क्यांचे ६५ झाले. सरासरी मात्र ३.५५ वरून ३.५३. मॅनेजरांना संख्याशास्त्र येत नाही, एकच आकडा हवाय. कुठला देऊ?

तिरकीरेघ
सरासरीला ५ ने भागा. मागची ७१ टक्के, आताचीही जवळपास तेवढीच. टक्के सगळ्यांना कळतात.

आकडेमोड
@तिरकीरेघ, टक्के कळतात हे खरं, पण हे टक्के फसवे आहेत. सगळ्यांनी १ दिला तरी या हिशेबाने २० टक्के समाधान निघेल. शिवाय "७१ टक्के" वाचणारा शंभरातले ७१ खूश असंच समजणार. मागच्या तिमाहीत होते ६०.

@निळीशाई, तुमचे मधले लोक दोन्हीकडे पांगलेत. ३ देणारे ५० चे २० झाले. टॉप-टूला खालचं काही दिसत नाही; तिथे १ आणि २ वाले १५ टक्क्यांचे २५ झालेत. सरासरीत वरची वाढ आणि खालची घसरण एकमेकींना खातात, म्हणून ती जागची हलत नाही.

एकाच आकड्याचा हट्ट मी मानणार नाही. प्रत्येक तिमाहीची एक आडवी पट्टी काढा, तीन रंगांत; आताची ६५, १०, २५. मथळा द्या, "शंभरात नाराज १५ होते, आता २५". "समाधानी वाढले" असं लिहू नका. एवढ्या नमुन्यात ६० आणि ६५ मधला फरक नुसत्या योगायोगानेही पडतो, साधारण साडेनऊच्या पुढे गेला तर बोलावं. नाराजांसाठी ती मर्यादा आठच्या आत आहे आणि तुमचा फरक १० चा. सरासरी परिशिष्टात टाका.

रानवारा
आमची रेटिंगची पट्टी यंदा ५ ऐवजी १० ची केली. टॉप-टू निम्म्यावर आला! सेवा इतकी बिघडली?

आकडेमोड
यावरून सांगता येणार नाही. दहातले वरचे दोन खाने गाठणं पाचातल्या दोनांपेक्षा कठीण. जुन्या आकड्यांशी रेघ जोडू नका.

चौकट
एक्सेलमध्ये "लागू नाही"ला ९९ कोड दिलाय का बघा. नुसतं `>=4` मोजलंत तर तेही समाधानी धरले जातात, आणि सरासरी ५ च्या वर गेली तर समजाच. मी असं लिहितो:

```
=COUNTIFS(B2:B201,">=4",B2:B201,"<=5")/COUNTIFS(B2:B201,">=1",B2:B201,"<=5")
```

निळीशाई
९९ नाहीत, तपासलं. पट्टी काढते. पण टीमचं टार्गेट टॉप-टूवरच बांधलंय, नाराज मथळ्यात घातले तर बैठकीत वाद ठरलेलाच.

चौकट
मग टार्गेटमध्येच नाराजांची कमाल मर्यादा घाला.

आकडेमोड
तिमाहीच्या मध्यात नको. आणि दोन टार्गेटं ठेवली की ३ वाल्यांकडे कुणी बघत नाही, तेही आहेच.