मदत हवी आहे : एअर गॅपचं गणित जुळेना

मंडळी, उद्यमबागेत चोक वाइंडिंगचं काम करतो. कोर 20×20 मिमी, मार्ग 40 सेंमी, µr 2000, वेढे 500. सर्किटमध्ये रेझिस्टन्स मांडतो तसं रिलक्टन्स मांडलं: लोखंडाचं 4 लाख, 1 मिमी गॅपचं एकट्याचं 20 लाख! सिरीजमध्ये 24 लाख, म्हणजे त्याच करंटला फ्लक्स सहावा हिस्सा. N²/R नं इंडक्टन्स 104 मिलिहेन्री यायला हवा. मीटर 118 दाखवतो.

गॅपपाशी फ्लक्स बाहेर फुगतो म्हणून क्षेत्रफळ 21×21 धरलं, तर 113 आला. करंट वायर सोडून असा पसरत नाही, इथंच रेझिस्टन्सची उपमा लंगडी पडते.

उरलेला फरक लीकेजचा, की दाबानं गॅपमधला कागद चेपला असेल? कसं ओळखायचं?