मदत हवी आहे: माइक प्रीअँपची फसफस जात नाही, माइक काढला तर उलट वाढते

तंबोरा_आणि_तारा:
मंडळी, आमच्या घरी जुना तंबोरा आहे. तो बहिणीच्या रियाजासोबत रेकॉर्ड करायचा म्हणून स्वतः माइक प्रीअँप बांधला. साधा डायनॅमिक माइक, त्यामागे अर्धं ५५३२, नॉन-इन्व्हर्टिंग, गेन साधारण १००. फीडबॅकला १०० के, खाली १ के आणि त्याच्याशी सिरीजमध्ये ४७ मायक्रोफॅरड. इनपुटला १० के ग्राउंडला, आणि माइक ते ऑपअँप मध्ये १ के (संरक्षणासाठी, एका जुन्या सर्किटवरून उचललं). दोन नऊ व्होल्टच्या बॅटऱ्यांवर चालवतोय, त्यामुळे सप्लायवर संशय नाही.

माइक दोन फुटांवर ठेवला की तंबोऱ्याच्या मागे पत्र्यावर पाऊस पडल्यासारखी फसफस येते. गंमत म्हणजे माइकची पिन उपसली की फसफस कमी व्हायच्या ऐवजी वाढते! ऑपअँप बदलून पाहिला, तसाच. कुठे चुकतंय?

घूं_घूं_घारे:
अर्थिंग बघा आधी. आमच्या जुन्या वाड्यात अर्थिंग नव्हतंच, प्रीअँप लावला की अशी घूं यायची की शेजारच्या काकू विचारायच्या पंप चालू आहे का. बोअरवेलवाल्याकडून पाइप ठोकून घेतला, कोळसा-मीठ घातलं, आवाज बंद. पिन उपसल्यावर वाढतं म्हणजे अँटेना झालाय तुमचा.

तंबोरा_आणि_तारा:
घारेकाका, घूं नाहीये हो. ऑडॅसिटीत स्पेक्ट्रम काढला, ५० आणि १०० ला बारीक टोकं आहेत, पण बाकी सगळं सपाट. २० पासून पार वरपर्यंत एकसारखं गवत.

डाग_मास्टर:
सपाट गवत म्हणजे रेझिस्टरचा नॉइज, त्यात शंकाच नाही. कार्बनचे रेझिस्टर असणार तुमचे. सगळे काढून एक टक्क्याचे मेटल फिल्म लावा, रात्रीत फरक पडेल. मी पंचवीस वर्षं अँप दुरुस्त करतोय, कार्बन म्हणजे फसफस हे समीकरण आहे.

तंबोरा_आणि_तारा:
मास्टर, सगळे मेटल फिल्मच आहेत, पहिल्या दिवसापासून.

शून्याच्या_जवळ:
मास्टरांचं निदान बरोबर, औषध चुकलं. फसफस रेझिस्टरचीच आहे, पण ती कशाचा बनवलाय यावर अवलंबून नाही. १ केचा कार्बन असो, मेटल फिल्म असो की वायरवाउंड, त्यातले इलेक्ट्रॉन खोलीच्या तापमानाला जेवढे थरथरतात तेवढा व्होल्टेज त्याच्या टोकांवर येणारच. बेल लॅब्जमध्ये जॉन्सनने हे मोजलं, नाइक्विस्टने गणित मांडलं, दोघांचे लेख १९२८ चे. कार्बनची जी बदनामी आहे ती वेगळ्या कारणाने: त्यातून डीसी करंट वाहत असेल तर वरून जादा नॉइज येतो, आणि तो खालच्या फ्रिक्वेन्सीला जास्त असतो. जुन्या व्हॉल्व्ह अँपमध्ये प्लेटच्या रेझिस्टरवर शंभर-दीडशे व्होल्ट असतात, तिथे मास्टरांचा अनुभव शंभर टक्के खरा. इथे मात्र कोणत्याच रेझिस्टरमधून सांगण्यासारखा डीसी नाही.

तारा, एक काम करा. एका एक्सएलआर पिनच्या पोटात १५० ओम बसवा, त्याचं पत्र्याचं आवरण ग्राउंडला जोडलेलं ठेवा, आणि तीन वेळा लेव्हल मोजा: इनपुट मोकळा, १५० ओम लावून, आणि शॉर्ट करून. गेनला हात लावू नका.

तंबोरा_आणि_तारा:
मोजलं. १५० ओमला जे येतं ते शून्य धरलं तर मोकळा इनपुट साडेसहा ते सात डीबी वर. शॉर्ट केला तर जेमतेम पाव डीबी खाली, तेही वाचताना डोळे बारीक करावे लागतात. शॉर्टवर तर एकदम शांत व्हायला हवं होतं ना?

शून्याच्या_जवळ:
हाच तर पुरावा. सूत्र एवढंच:

```
Vn = sqrt(4 * k * T * R * B)
```

२० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात १५० ओमचा स्वतःचा नॉइज येतो ०.२२ मायक्रोव्होल्ट. माइकच्या कॉइलचा रोध त्याच घरातला, त्यामुळे जगातला कुठलाही प्रीअँप लावला तरी ही ०.२२ ची फरशी खणता येत नाही. आता तुमच्या सर्किटमध्ये त्या फरशीवर काय काय पसरलंय ते बघा.

संरक्षणाचा १ के माइकशी सिरीजमध्ये आहे, त्याचा नॉइज सरळ सिग्नलला चिकटतो: ०.५७. खालचा १ के आणि फीडबॅकचा १०० के, ऑपअँपच्या दृष्टीने हे दोघं समांतर, म्हणजे पुन्हा जवळपास १ के: आणखी ०.५७. खुद्द ५५३२ चा सुमारे ०.७१. या सगळ्यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो, म्हणून सरळ बेरीज नाही, वर्गांची बेरीज करून वर्गमूळ. एकूण १.१ मायक्रोव्होल्ट. फरशीपेक्षा १४ डीबी वर. माइकचा स्वतःचा नॉइज त्यात इतका बुडालाय की शॉर्ट करून तो पूर्ण काढून टाकला तरी पाव डीबीसुद्धा हलत नाही. शॉर्ट केल्यावर जे ऐकू येतं ते सगळं तुम्ही हाताने बसवलेलं आहे.

डाग_मास्टर:
मग इनपुटचा १० के सोडला का? सूत्राने तर त्याचाच सगळ्यात जास्त यायला हवा. तोच आधी काढा.

शून्याच्या_जवळ:
चांगला मुद्दा. मोकळ्या १० केचा नॉइज खरंच १.८ मायक्रोव्होल्ट. पण माइक लावला की १० के आणि १५० ओम हे डिव्हायडर होतात. १० के आपला नॉइज १५० ओमच्या दारातून ढकलायला बघतो आणि त्यातला सुमारे दीड टक्का आत पोहोचतो. पिन उपसली की ते दार बंद, १० के पूर्ण जोरात बोलतो, वर ५५३२ चा करंट नॉइजही त्याच्यावर पडतो. म्हणून तुमची फसफस साडेसहा डीबी वाढते. काही बिघडलेलं नाही. आणि तो काढू नका मास्टर, ऑपअँपच्या इनपुटला डीसी वाट लागते. रेझिस्टर सिरीजमध्ये असेल तर लहान हवा, सिग्नलला समांतर असेल तर मोठा चालतो.

करायचं काय: संरक्षणाचा १ के काढून थेट तार. फीडबॅक १०० केचा २.२ के आणि खालचा १ केचा २२ ओम. गेन तोच राहतो, ५५३२ ला २.२ के ओढणं जड नाही.

कोकणी_कंडेन्सर:
मध्येच एक शंका: सूत्रात तापमान आहे, म्हणजे प्रीअँप फ्रिजमध्ये ठेवला तर? आमच्याकडे मे महिन्यात घरात अंड्याचं ऑम्लेट होतं.

शून्याच्या_जवळ:
४० अंशांवरून १० अंशांवर आणलात तर मिळतात ०.४ डीबी, कारण मोजायचं निरपेक्ष शून्यापासून. शिवाय माइकलाही फ्रिजमध्ये बसावं लागेल आणि गायिकेला दार उघडं ठेवावं लागेल.

तंबोरा_आणि_तारा:
बदल केले. नॉइज ३ डीबीने उतरला, कानाला कळतो. पण आता तंबोराच बदलला! खर्जाची तार अगदी मेली, नुसती जवारीची झिणझिण उरली. बहीण म्हणते पूर्वीचं बरं होतं.

डाग_मास्टर:
४७ मायक्रोफॅरड तसाच ठेवलात ना? २२ ओमशी तो १५० हर्ट्झच्या खाली सगळं कापतोय. १ केशी तो साडेतीन हर्ट्झला होता. १००० मायक्रोफॅरड टाका, ६.३ व्होल्टचा, छोटा येतो.

तंबोरा_आणि_तारा:
मास्टर, नमस्कार! टाकला, खर्ज परत. आता शून्यसाहेब, हिशोबाने ३.३ डीबी यायला हवे होते आणि मला तीनच का? आणि अजूनही गवत आहेच.

शून्याच्या_जवळ:
कपॅसिटरबद्दल मीच सांगायला हवं होतं, माफी. ०.३ चं कारण इथून ठरवता येणार नाही. साउंडकार्डाचा स्वतःचा नॉइज असू शकतो, बँडविड्थ असू शकते. प्रीअँप बंद करून कार्डाचा नॉइज मोजा, मग बोलू.

उरलेलं गवत आता ऑपअँपचं. एकूण ०.७५ मध्ये ०.७१ त्याचा. यापुढे रेझिस्टर कमी करून काही हाती लागणार नाही. दोन रस्ते आहेत: १ नॅनोव्होल्ट प्रति रूट हर्ट्झच्या वर्गातली माइक प्रीअँपची तयार आयसी, किंवा इनपुटला १:५ चा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर. ट्रान्सफॉर्मरची मजा अशी की तो रेझिस्टर नाही. सिग्नल पाचपट करतो आणि स्वतःचा नॉइज फक्त तारेच्या रोधाएवढा घालतो. माइकचा नॉइजही पाचपट होतो, पण ऑपअँपचा ०.७१ आहे तिथेच राहतो, म्हणजे माइकच्या बाजूने पाहिलं तर पाचवा हिस्सा. एकूण ०.२७, तारेचा रोध धरून ०.३ च्या आसपास. आजच्यापेक्षा आठ डीबी खाली.

कोकणी_कंडेन्सर:
मग १:१० घ्या की, अजून कमी होईल!

शून्याच्या_जवळ:
नाही होणार. १:१० मध्ये माइकचा रोध ऑपअँपला शंभरपट दिसतो आणि ५५३२ चा करंट नॉइज त्याच्यावर चढतो. ५५३२ ला सुमारे ७ के एवढा सोर्स सगळ्यात मानवतो. तारा, तुमच्या माइकच्या कागदावर किती ओम लिहिलंय?

तंबोरा_आणि_तारा:
३०० लिहिलंय.

शून्याच्या_जवळ:
मग १:५ ने साडेसात के. बरोबर जागेवर. ३०० ओमची फरशी मात्र ०.२२ नसून ०.३१, तेवढे माझे वरचे आकडे सुधारून घ्या.

घूं_घूं_घारे:
ट्रान्सफॉर्मर आणला की घूं येणार, आत्ताच सांगतो. माझ्या वेळी अर्थिंग करूनही आली होती, शेवटी तो पॉवर ट्रान्सफॉर्मरपासून हातभर लांब नेला.

शून्याच्या_जवळ:
यावेळी घारेकाकांशी सहमत. म्यूमेटलच्या डब्यातला घ्या, आणि लॅपटॉपच्या चार्जरपासून दूर. तोवर फुकटचा उपाय: माइक दोन फुटांवरून एक फुटावर आणा. सिग्नल साधारण ६ डीबी वाढतो, नॉइज तेवढाच.

तंबोरा_आणि_तारा:
एका फुटावर जवारी फार टोचते, दीड फुटावर तडजोड केली आहे. कार्डाचा नॉइज रविवारी मोजून इथेच टाकतो. १:५ चा ट्रान्सफॉर्मर पुण्यात कुणाकडे वापरलेला पडून असेल तर व्यनि करा, नवा खिशाला झेपत नाहीये.