५८५ किलोहर्ट्झला गेन कुठे जातो? एका ट्रान्झिस्टरच्या अँप्लिफायरसाठी सल्ला हवा

धंतोलीचा_रेडिओ
राम राम मंडळी. मीडियम वेव्ह रिसीव्हरसाठी बीसी ५४७ चा कॉमन एमिटर अँप्लिफायर ब्रेडबोर्डवर लावलाय. सप्लाय ९ व्होल्ट, कलेक्टरला ४.७ के, करंट १ मिलिअँपिअर, एमिटर बायपास केलेला. पुढे ट्यून्ड सर्किट जोडायचंय म्हणून जनरेटरचा सिग्नल सध्या १० के मधून देतो. १० मिलिव्होल्ट दिले की १० किलोहर्ट्झला कलेक्टरवर अर्धा व्होल्ट मिळतो. आकाशवाणी नागपूरच्या ५८५ किलोहर्ट्झवर मात्र जेमतेम ५० मिलिव्होल्ट! गेन ६० किलोहर्ट्झपासूनच घसरतो. ट्रान्झिस्टरची सगळी कपॅसिटन्स मिळून ४० पिकोफॅरड धरली, तर माझ्या हिशोबाने १.४ मेगाहर्ट्झपर्यंत जायला हवं. याहून वेगवान ट्रान्झिस्टर कोणता घेऊ? बर्डीवर मिळणारा सांगा.

ऑडिओवाला_सक्करदरा
इनपुटचा कपलिंग कपॅसिटर वाढवून पाहा भाऊ. ०.१ मायक्रोफॅरड असेल तर १० टाका, माझ्या प्रीअँपमध्ये त्यानेच फरक पडला होता.

धंतोलीचा_रेडिओ
त्याने खालची बाजू सुधारेल. माझी अडचण वरच्या बाजूला आहे.

स्कोप_आणि_चहा
प्रोबमुळे होतंय. प्रोबचे १५ पिकोफॅरड कलेक्टरवर बसतात.

जुना_टेलिकॉमवाला
४.७ के आणि १५ पिकोफॅरडची मर्यादा २ मेगाहर्ट्झच्या पुढे येते, ६० किलोहर्ट्झचा दोष तिला देता येणार नाही. ट्रान्झिस्टरही बदलू नका. बेस आणि कलेक्टरच्या मधली कपॅसिटन्स तुम्ही जमिनीला जोडल्यासारखी मोजलीत, घोळ तिथे आहे.

बेस १ मिलिव्होल्ट वर गेला की कलेक्टर सुमारे १७० मिलिव्होल्ट खाली जातो. म्हणजे मधल्या कपॅसिटरवर १७१ मिलिव्होल्टचा फरक पडतो आणि तेवढा चार्ज तुमच्या सोर्सलाच पुरवावा लागतो. सोर्सच्या बाजूने पाहिलं तर ती कपॅसिटन्स १७१ पट झालेली असते. ट्रान्झिस्टरचे साडेतीन पिकोफॅरड आणि ब्रेडबोर्डच्या शेजारच्या ओळींचे साधारण दोन, असे साडेपाच धरा. त्याचे झाले ९४० पिकोफॅरड. बेस-एमिटरचे ३७ त्यापुढे किरकोळ. सोर्स, बायस आणि ट्रान्झिस्टरचा इनपुट मिळून बेसवर २.८५ के दिसतात:

```
f = 1/(2πRC) = 1/(2π × 2.85 kΩ × 977 pF) ≈ 57 kHz
```

हाच तुमचा डॉमिनंट पोल. बाकीचे पोल इतके वर आहेत की वागणूक हा एकटाच ठरवतो. खात्री करायची तर ४.७ पिकोफॅरडचा सिरॅमिक आधी बेस-ग्राउंडमध्ये लावा, मग बेस-कलेक्टरमध्ये, आणि काय होतं ते कळवा.

गेट_२०२७
७४१ च्या आत ३० पिकोफॅरडचा कपॅसिटर मुद्दाम ठेवलाय, तो हाच प्रकार ना?

जुना_टेलिकॉमवाला
हो. तिथे तो दुसऱ्या टप्प्यावर उलटा जोडलाय. चिपवर मोठा कपॅसिटर परवडत नाही, म्हणून टप्प्याच्या गेनकडून तो मोठा करून घेतलाय. त्यामुळे पोल ५ हर्ट्झच्या आसपास येतो आणि फीडबॅक दिल्यावर ऑपअँप ऑसिलेट होत नाही. तिथे हवा असलेला पोल, इथे नको असलेला.

धंतोलीचा_रेडिओ
काका, करून पाहिलं. बेस-ग्राउंडमध्ये ४.७ लावला तर काही फरक नाही. तोच बेस-कलेक्टरमध्ये लावल्यावर ३० किलोहर्ट्झच्या जरा वर आला. आता उपाय काय?

जुना_टेलिकॉमवाला
कॅस्कोड करा. कलेक्टर आणि ४.७ के यांच्यामध्ये दुसरा बीसी ५४७ घाला. त्याचा बेस २.७ व्होल्टवर स्थिर ठेवा आणि बेसवरून ग्राउंडला ०.१ मायक्रोफॅरड द्या. खालच्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला मग वरच्याच्या एमिटरचे फक्त २६ ओहम दिसतात, तिथला गेन एकच्या आसपास राहतो आणि गुणाकार १७१ ऐवजी दोनाचा होतो. एकूण गेन जवळपास तेवढाच मिळतो.

वर्धा_रोड
एवढं कशाला? पुढे एक एमिटर फॉलोअर लावा. सोर्स १० के ऐवजी काही दहा ओहम झाला की ९४० पिकोफॅरड राहिले तरी चालतील.

जुना_टेलिकॉमवाला
पोल वर जाईल, पण फॉलोअरच्या आउटपुटवर ते ९४० पिकोफॅरड असतील आणि इनपुटला कॉइल. असा फॉलोअर ऑसिलेट होऊ शकतो.

वर्धा_रोड
बेसला १०० ओहम सिरीजमध्ये टाकले की माझा तरी शांत राहतो.

धंतोलीचा_रेडिओ
कॅस्कोड लावला. ५८५ ला आता ४०० मिलिव्होल्टच्या वर मिळतात. ३ डीबी ९०० किलोहर्ट्झजवळ.

स्कोप_आणि_चहा
आता तरी प्रोब काढून मोजा राजेहो!

जुना_टेलिकॉमवाला
आता त्यांचं बरोबर आहे. इनपुटचा पोल वर गेलाय, त्यामुळे कलेक्टरवरचे १५ पिकोफॅरड मोजण्यात जाणवणार. पुढच्या टप्प्याची कपॅसिटन्सही त्याच जागी बसणार आहे. आणि ट्यून्ड सर्किट जोडाल तेव्हा १० के चा हिशोब सोडा. अँप्लिफायरची इनपुट कपॅसिटन्स गँग कंडेन्सरमध्ये मिळते आणि ट्यूनिंग सरकतं. जुन्या जोडणीत तर ९७७ पिकोफॅरडनी पूर्ण बँडच हलला असता.

वर्धा_रोड
बेसला कॉइलच्या मधल्या टॅपवरून घ्या, तेही कमी होईल. फॉलोअरचं माझं मत अजून कायम आहे.